लाइन वर कोण ओढतंय?

रास्पबेरी पायला एक घड्याळ आणि सोळा-बाय-दोनचा एलसीडी जोडायचा, एवढंच काम. चार वायरी, आणि नेटवर शेकडो आकृत्या. तरी दुरुस्तीला माझ्या टेबलावर येणाऱ्या छोट्या कंट्रोल पॅनेलांतली निम्मी भानगड याच चार वायरींत असते. तक्रारही ठरलेली: "सर, टेबलावर मस्त चालत होतं. पॅनेलमध्ये बसवलं आणि डिस्प्लेवर चिनी अक्षरं यायला लागली." (ती चिनी नसतात, बहुतेक वेळा जपानी काताकाना असते, एलसीडीच्या कंट्रोलरच्या रॉममध्येच ती भरलेली असते. पण गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार?)

पाय ३.३ व्होल्टचा, एलसीडी ५ व्होल्टचा, डीएस१३०७ चं घड्याळही ५ व्होल्टचं, आणि तिघं एकाच आय-टू-सी बसवर. या एकाच जुळणीत पुल-अपचं आणि लेव्हल शिफ्टिंगचं जवळपास सगळं शास्त्र येऊन जातं. म्हणून खालचे सगळे मुद्दे तिच्याभोवतीच आहेत.

१. रेझिस्टर निवडण्याआधी, आधीच किती बसलेत ते मोजा

आय-टू-सीची लाइन ओपन-ड्रेन असते. बसवरचं कोणतंही उपकरण लाइन खाली, म्हणजे ग्राउंडला ओढू शकतं. वर ढकलू मात्र कोणीच शकत नाही. रेल्वेच्या डब्यातल्या साखळीसारखंच आहे हे: ओढायचा हक्क सगळ्यांना, आणि सोडल्यावर ती जागेवर आणायचं काम दुसऱ्याच कोणाचं. इथे ते काम पुल-अप रेझिस्टरचं.

पुस्तकात तो एकच असतो. प्रत्यक्षात बाजारातल्या प्रत्येक मॉड्यूलवर बनवणाऱ्याने आपापला पुल-अप बसवून ठेवलेला असतो, कारण ते मॉड्यूल एकटंच वापरलं जाईल असं त्याने धरलेलं असतं. तीन मॉड्यूलं जोडली की तिघांचे रेझिस्टर पॅरलल होतात. तुम्ही कोणतीही व्हॅल्यू "निवडलेली" नसते, तरी बसवर एक व्हॅल्यू असतेच.

आमच्या जुळणीत पायच्या बोर्डावर एसडीए आणि एससीएल दोन्हींना १.८ के आहे, ३.३ व्होल्टला. घड्याळाचं जे छोटं निळं मॉड्यूल सगळीकडे मिळतं त्यावर सहसा ३.३ के असतो, ५ व्होल्टला. एलसीडीच्या पाठीमागच्या पीसीएफ८५७४ च्या पट्टीवर ४.७ के, तोही ५ व्होल्टला. "सहसा" म्हणतोय ते मुद्दाम. एकाच दिसणाऱ्या मॉड्यूलवर दोन खेपांत दोन वेगळे रेझिस्टर येतात. त्यामुळे भिंग घेऊन छापलेला आकडा वाचायचा: ३३२ म्हणजे ३.३ के, ४७२ म्हणजे ४.७ के, १०३ म्हणजे १० के. मग मॉड्यूल सुटं असतानाच मीटरने एसडीए आणि व्हीसीसी यांच्यामधला रोध मोजून खात्री करायची. पायचं मोजायचं असेल तर सप्लाय काढा आणि हेडरच्या १ आणि ३ नंबरच्या पिनांवर मीटर लावा. सगळं एकत्र जोडल्यावर मोजायला गेलात तर एका रेलमधून दुसऱ्या रेलमध्ये जाणाऱ्या वाटा मीटरला फसवतात.

२. बस रिकामी असताना व्होल्टेज किती, हे पहिलं बघा

डीएसओ काढण्याआधी साधा मीटर. काहीही बोलणं चालू नसताना एसडीए आणि ग्राउंड यांच्यात किती व्होल्ट दिसतात? ३.३ दिसले तर ठीक. तिन्ही मॉड्यूलं सरळ जोडलेल्या जुळणीत तसे दिसत नाहीत.

गणित सोपं आहे. ५ व्होल्टकडून ३.३ के आणि ४.७ के पॅरलल, म्हणजे साधारण १.९४ के. ३.३ व्होल्टकडून १.८ के. दोघांच्या ओढाताणीत मधला बिंदू ४.१ व्होल्टला जाऊन बसायला हवा. ३.३ व्होल्टच्या पिनला हे जास्तच झालं. पिनच्या आतला संरक्षक डायोड वाटेत आला की मीटर ४.१ ऐवजी ३.८ किंवा ३.९ दाखवतो. हा आकडा मी सगळ्यांना पाठ करायला सांगतो. ३.३ च्या लाइनवर ३.९ दिसले, तर जास्तीचा करंट चिपच्या आतल्या डायोडमधून ३.३ च्या रेलमध्ये घुसतोय.

करंट थोडा असतो, मिलिअँपच्या पाव भागाच्या आसपास. म्हणून पाय त्या दिवशी मरत नाही, आणि म्हणूनच ही चूक लोकांच्या लक्षात येत नाही. ती दिसते ती पॅनेलमध्ये. तिथे ५ व्होल्टचा सप्लाय वेगळा असतो. पाय बंद केला तरी एलसीडी चालू राहतो आणि पुल-अपमधून बंद पडलेल्या पायला करंट मिळत राहतो. पायचा ३.३ चा रेल पूर्ण शून्यावर येत नाही, अर्धवट जिवंत राहतो. पुढच्या वेळी पाय नीट सुरूच होत नाही, आणि मग एसडी कार्ड बदलण्याचा सोहळा चालू होतो.

३. रेझिस्टर किती लहान चालेल, हे खाली ओढणारा ठरवतो

फिलिप्सने १९८२ साली आय-टू-सी आणली, आणि तिच्या स्टँडर्ड आणि फास्ट या दोन्ही मोडसाठी नियम असा आहे: लाइन खाली ओढणाऱ्याने ३ मिलिअँप घेत असताना ती ०.४ व्होल्ट किंवा त्याखाली ठेवली पाहिजे. त्याहून जास्त करंट घ्यायची हमी कोणी देत नाही. एखादी चिप घेत असेलही, पण ते तिच्या डेटाशीटमध्ये लिहिलेलं हवं. डीएस१३०७ ला ५ मिलिअँप लिहिलेत. पीसीएफ८५७४ ला तीनच.

```
Rmin = (V - 0.4) / 0.003
```

५ व्होल्टला हे उत्तर १५३३ ओहम येतं, ३.३ व्होल्टला ९६७ ओहम. याखाली गेलात तर लाइन तुटत नाही, जळत नाही. फक्त "लो" पुरेसा लो राहत नाही. ०.४ ऐवजी ०.६, ०.७ व्होल्टला थांबतो. वाचणाऱ्याला सप्लायच्या ३० टक्क्यांपर्यंतचा लो चालतो, म्हणून बहुतेक वेळा चालूनही जातं. उन्हाळ्यात बंद पेटीत, जवळ कॉन्टॅक्टर खटखटत असताना ती उरलेली थोडीशी जागाही संपते.

नवीन मुलं इथे एक शंका काढतात: पायची पिन तर चांगली ताकदवान आहे, मग ३ मिलिअँपचं एवढं काय? खरं आहे, पाय ओढेल. पण एसडीएवर प्रत्येक आठ बिटांनंतर नवव्या क्लॉकला समोरचं उपकरण लाइन खाली ओढून "पोचलं" असं सांगतं. रेझिस्टर ठरवायचा तो बसवरच्या सगळ्यात अशक्त सभासदाच्या हिशोबाने.

४. रेझिस्टर किती मोठा चालेल, हे वायरीची लांबी ठरवते

खाली ओढणं ट्रान्झिस्टर करतो, ते झटक्यात होतं. वर येणं रेझिस्टरच्या भरवशावर असतं आणि त्याला लाइनवरची सगळी कपॅसिटन्स भरत वर जावं लागतं. डीएसओवर खाली जाणारी कड ताठ दिसते, वर येणारी वाकडी. हा वाक किती चालेल याचाही नियम आहे: ३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर जायला १०० किलोहर्ट्झच्या मोडमध्ये जास्तीत जास्त १००० नॅनोसेकंद आणि ४०० किलोहर्ट्झच्या मोडमध्ये ३०० नॅनोसेकंद.

```
Rmax = tr / (0.8473 * C)
```

कपॅसिटन्स कुठून आणायची? बहुतेक जण अंदाज बांधतात. माझं म्हणणं, मोजा. बऱ्याच मल्टिमीटरांत कपॅसिटन्सची रेंज असते. केबल दोन्ही टोकांना सोडवा, एसडीएची वायर एका प्रोबला, ग्राउंडची दुसऱ्या प्रोबला, आणि जो आकडा येईल त्यातून नुसत्या प्रोबचा आकडा वजा करा. आमच्या पॅनेलात एलसीडी दरवाज्यावर असतो. बिजागरीवरून वळसा घेऊन जाणारी केबल जवळपास २ मीटर होते आणि १५० पिकोफॅरडच्या आसपास निघते. त्यात चिपांच्या पिना (प्रत्येकी १० पिकोफॅरडपर्यंत), कनेक्टर, ट्रॅक धरून मी २०० धरतो. टेबलावर हाच एलसीडी वीतभर जम्पर वायरींवर असतो, तिथे सगळं मिळून त्याच्या चौथाईही नसतं. "टेबलावर चालत होतं" याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच.

२०० पिकोफॅरडला १०० किलोहर्ट्झवर रेझिस्टर ५.९ के पर्यंत चालतो. १० के लावलात तर वर यायला १७०० नॅनोसेकंद लागतात. आणि कोणी "कंट्रोलरमध्ये आतला पुल-अप आहे की" म्हणून बाहेरचा रेझिस्टरच लावला नाही, तर तो आतला असतो २० ते ५० के. ४० के धरा, अगदी १०० पिकोफॅरडची छोटी बस धरा, तरी ३४०० नॅनोसेकंद. १०० किलोहर्ट्झच्या क्लॉकचा अर्धा भागच ५००० नॅनोसेकंदांचा असतो.

मोजताना एक काळजी. डीएसओचा प्रोब एक-पट वर ठेवला तर तो स्वतःच शंभरच्या आसपास पिकोफॅरड लाइनवर टाकतो. कड आधीपेक्षा वाईट दिसते, कधी कधी चालणारी बस प्रोब लावताच बंद पडते. प्रोब नेहमी दहा-पटवर.

५. शिफ्टर लागतो का, हे चिपच्या डेटाशीटला विचारा, सप्लायच्या आकड्याला नव्हे

"हा पाच व्होल्टचा, तो तीन पॉइंट तीनचा, म्हणजे मध्ये शिफ्टर हवा" हा सरळ हिशोब अर्धाच खरा आहे. ओपन-ड्रेन लाइनवर ५ व्होल्टची चिप ५ व्होल्ट बाहेर काढतच नाही. ती फक्त खाली ओढते. ५ व्होल्ट येतात ते पुल-अपमधून. तो पुल-अप ३.३ ला नेला, तर ५ व्होल्टच्या चिपकडून पायला काहीच धोका नाही. मग प्रश्न एकच उरतो: ३.३ व्होल्टला ती चिप "हाय" म्हणून ओळखते का?

डीएस१३०७ चं डेटाशीट सांगतं की २.२ व्होल्टपासून पुढे हाय. म्हणजे तिला ३.३ आरामात पुरतात. घड्याळाच्या मॉड्यूलवरचे दोन ३.३ के चे रेझिस्टर काढून टाका, व्हीसीसीला ५ व्होल्ट तसेच राहू द्या, आणि एसडीए-एससीएल सरळ पायला जोडा. पायचे १.८ के तिथे आहेतच. शिफ्टर नको, काही नको.

इथे काही जण जास्त हुशारी करून मॉड्यूलचा व्हीसीसीच ३.३ ला जोडतात. तसं चालत नाही. सप्लाय बॅटरीच्या सव्वा पटीखाली गेला की डीएस१३०७ बोलणं बंद करते. ३ व्होल्टच्या बटण-सेलला ती रेषा ३.७५ व्होल्टला पडते. बॅटरी काढली की चिप कधी कधी उत्तर देते, बॅटरी घातली की गप्प, असा चमत्कार दिसला तर कारण हेच. (नवीन बनवत असाल तर डीएस३२३१ घ्या, ती २.३ व्होल्टपासून चालते आणि वेळही कितीतरी बरी ठेवते. जुन्या पॅनेलांत मात्र १३०७ च भेटत राहते.)

पण त्याच मॉड्यूलवर आणखी एक चिप असते, एटी२४सी३२ नावाची मेमरी, आणि तिचा नियम वेगळा. तिला हाय म्हणजे स्वतःच्या सप्लायच्या ७० टक्के, ५ व्होल्टवर ३.५ व्होल्ट. ३.३ तिला कमी पडतात. चालते ती, पण हमी नाही. म्हणजे एकाच इंचभर बोर्डावर एका चिपला शिफ्टर नको आणि दुसरीला हवा. मेमरी वापरत नसाल तर सोडून द्या; वापरत असाल तर अख्खं मॉड्यूल ५ व्होल्टच्या बाजूला घ्या.

एलसीडीच्या पट्टीवरच्या पीसीएफ८५७४ चाही नियम ७० टक्क्यांचाच. तीही ३.३ वर दहातल्या नऊ वेळा चालते आणि नेटवरच्या आकृत्या त्या नवांच्या भरवशावर काढलेल्या असतात. २ मीटर केबलच्या टोकाला मी ती शिफ्टरशिवाय ठेवत नाही.

६. मॉसफेटचा शिफ्टर आतून समजून घ्या, मग त्याचा बिघाड ओळखता येतो

१९९७ च्या फिलिप्सच्या एका अॅप्लिकेशन नोटमध्ये दिलेली ही युक्ती आजही सगळ्यात स्वस्त आणि चांगली आहे. प्रत्येक लाइनला एक एन-चॅनल मॉसफेट. गेट ३.३ व्होल्टला कायमचा बांधलेला, सोर्स ३.३ च्या बाजूला, ड्रेन ५ च्या बाजूला, आणि दोन्ही बाजूंना आपापला पुल-अप.

कोणीच ओढत नसेल तेव्हा सोर्सही ३.३ वर आणि गेटही ३.३ वर, मॉसफेट बंद, दोन्ही बाजू आपापल्या पातळीवर. पायने सोर्सची बाजू खाली ओढली की गेट आणि सोर्स यांच्यात ३.३ व्होल्ट पडतात, मॉसफेट सुरू होतो आणि ५ ची बाजूही खाली खेचली जाते. उलट दिशेची गंमत जास्त आहे. एलसीडीने ड्रेनची बाजू खाली ओढली, तेव्हा मॉसफेट अजून बंदच असतो; आधी त्याच्या आतला डायोड सोर्सला खाली घेऊन येतो, एक व्होल्टच्या आसपासपर्यंत. आता गेट-सोर्समध्ये सव्वादोन व्होल्ट मिळाले, मॉसफेट सुरू झाला, आणि उरलेलं अंतर तो पार करतो.

त्या सव्वादोन व्होल्टांवर सगळं अडलेलं आहे. बीएसएस१३८ चा उंबरठा जास्तीत जास्त १.५ व्होल्ट, तो मजेत सुरू होतो. पण बुधवार पेठेतल्या दुकानात तो एसएमडी मिळाला नाही म्हणून कोणी पायवाला २एन७००० घातला, तर त्याचा उंबरठा ०.८ पासून ३ व्होल्टपर्यंत कुठेही असू शकतो. एखादा नग चालतो, त्याच पाकिटातला दुसरा नाही. लक्षण मजेशीर असतं: पायचं एलसीडीला ऐकू येतं, एलसीडीचं पायला येत नाही. पायच्या बाजूचा लो डायोडवरच, एक व्होल्टजवळ अडकून राहतो आणि पाय त्याला लो मानत नाही. `i2cdetect -y 1` चालवलं की `27` च्या जागी `--` दिसतं, आणि माणूस एलसीडी बदलत बसतो.

मॉसफेट उलटा बसला तर ओळखणं त्याहून सोपं. डायोडची दिशा फिरते आणि ५ व्होल्ट त्यातून सरळ पायच्या बाजूला येतात. दुसऱ्या मुद्द्यातला मीटर इथेही कामाला येतो.

७. शिफ्टर लाइन तोडत नाही, जोडतो. हिशोब दोन्ही बाजूंचा एकत्र करा

लोकांना वाटतं की मध्ये शिफ्टर आला म्हणजे इकडचे पुल-अप इकडे, तिकडचे तिकडे. हाय असताना तसं आहे. लो असताना मॉसफेट सुरू असतो, दोन्ही बाजू एकच लाइन असतात, आणि जो कोणी ओढतोय त्याला दोन्हीकडच्या रेझिस्टरांचा करंट एकट्याने घ्यावा लागतो.

आमच्या जुळणीवर हे करून बघू. घड्याळ पायच्या बाजूला, रेझिस्टर काढलेलं. एलसीडी ५ व्होल्टच्या बाजूला, मध्ये बाजारातलं चार चॅनलचं तयार शिफ्टर बोर्ड. त्या बोर्डावर दोन्ही बाजूंना प्रत्येक लाइनवर १० के असतात. एलसीडीची पीसीएफ८५७४ लाइन ०.४ व्होल्टला धरून बसली आहे असं समजा.

पायच्या बाजूला १.८ के आणि १० के पॅरलल, १.५३ के, त्यावर २.९ व्होल्ट पडतात, म्हणजे १.९ मिलिअँप. एलसीडीच्या बाजूला ४.७ के आणि १० के पॅरलल, ३.२ के; त्यावर ४.६ व्होल्ट, म्हणजे १.४४ मिलिअँप. बेरीज ३.३४. हमी ३ ची. कोणीही चुकीचं काही लावलेलं नाही, तीन तयार बोर्ड सूचनेप्रमाणे जोडलेत, आणि तरी आपण हद्दीबाहेर आहोत.

उपाय सोल्डरिंग आयर्नचा आहे. शिफ्टरवरचे १० के काढा. पायच्या १.८ के मुळे १.६१ मिलिअँप, एलसीडीच्या ४.७ के मुळे ०.९८, एकूण २.५९. आत आलो. पायचे १.८ के बोर्डावरच असल्यामुळे त्यांना हात लावत नाही, म्हणून ५ व्होल्टच्या बाजूला उरतात ते १.३९ मिलिअँप, आणि त्यातून तिथली खालची हद्द निघते: ३.३ के. वरची हद्द चौथ्या मुद्द्यात आली होती, ५.९ के. ४.७ के बरोबर मधे बसतो. केबलच्या टोकाला वर यायला लागणारा वेळ साधारण ८०० नॅनोसेकंद निघतो. प्रत्यक्षात थोडा कमीच, कारण लाइन दोनेक व्होल्टपर्यंत येईतो मॉसफेट सुरूच असतो आणि पायचा १.८ के ही वर ओढायला हातभार लावतो.

मेमरी हवी म्हणून घड्याळाचं मॉड्यूल ५ च्या बाजूला आणलं, तर त्याचे ३.३ के आणि एलसीडीचे ४.७ के दोन्ही ठेवता येत नाहीत: तिथेच २.३७ मिलिअँप जातात, एकूण जवळपास ४. मॉड्यूलचे काढायचे, एलसीडीचे ठेवायचे.

आणि हीच बस ४०० किलोहर्ट्झवर चालवायची म्हटलं तर? ३०० नॅनोसेकंदांसाठी रेझिस्टर १.७७ के पेक्षा मोठा चालत नाही, करंटसाठी ३.३ के पेक्षा लहान चालत नाही. असा रेझिस्टर कोणत्याच दुकानात मिळत नाही. दोन हद्दी एकमेकींना ओलांडून गेल्या की रेझिस्टर बदलत बसण्यात अर्थ नसतो. केबल तोडा, वेग कमी करा, नाहीतर बसचा बफर घाला. आपल्या बाबतीत पीसीएफ८५७४ मुळातच १०० किलोहर्ट्झची आहे, त्यामुळे हट्टाला कारणच नाही.

८. "लेव्हल कन्व्हर्टर" लिहिलेलं प्रत्येक बोर्ड या कामाचं नसतं

टीएक्सबी०१०४, टीएक्सबी०१०८ या चिपांचे बोर्ड आकाराने आणि किमतीने तसेच दिसतात. त्या ढकलणाऱ्या आणि ओढणाऱ्या, दोन्ही करणाऱ्या आउटपुटसाठी आहेत, ओपन-ड्रेनसाठी नाहीत. त्या स्वतः लाइन हलक्या हाताने धरून ठेवतात, आणि बाहेरचा पुल-अप ५० के पेक्षा लहान असेल तर त्यांचा गोंधळ उडतो. ओपन-ड्रेनसाठी त्याच घरातली टीएक्सएस मालिका. एका अक्षराचा फरक, आणि दुकानदाराला तो माहीत असेलच असं नाही. दोन रेझिस्टरांचा डिव्हायडरही एसडीएला चालत नाही. तो एकाच दिशेने काम करतो.

९. वेग कमी करून बघा. रोग कोणता ते कळतं

बस अडखळते आहे, डीएसओ जवळ नाही. `/boot/firmware/config.txt` मध्ये ही ओळ घालायची आणि पाय पुन्हा सुरू करायचा:

```
dtparam=i2c_arm_baudrate=20000
```

१०० किलोहर्ट्झवर रडणारी बस २० वर गुण्यागोविंदाने चालली, तर दुखणं वर येण्याच्या वेळेचं आहे: रेझिस्टर मोठा किंवा केबल लांब. तरीही तसंच राहिलं, तर पातळीचं आहे: लो पुरेसा खाली जात नाही, हाय पुरेसा वर येत नाही, किंवा शिफ्टर एका दिशेने बंद आहे. वेग कमी ठेवून गिऱ्हाइकाला पॅनेल परत देणारेही आहेत. एलसीडीच्या दोन ओळींना २० किलोहर्ट्झ पुरतातही. पण दुखणं पातळीचं असेल तर ते पॅनेल परत येणार.

डीएसओ असेल तर एसडीएच्या लो पातळीकडे निरखून बघा, कडांकडे नंतर. चांगल्या बसवरही सगळे लो एका उंचीवर नसतात. पाय ओढतो तेव्हा लो जमिनीला टेकलेला दिसतो. नवव्या क्लॉकला एलसीडी ओढतो तेव्हा लो किंचित वर उचललेला असतो, एखाद्या पायरीएवढा. त्या पायरीवरून कोण बोलतंय ते कळतं, आणि पायरी किती उंच आहे त्यावरून त्याला किती जड जातंय तेही कळतं. ती ०.४ व्होल्टच्या वर गेली की सातव्या मुद्द्यातली बेरीज परत करायची. ती एक व्होल्टला असेल तर शिफ्टरचा मॉसफेट बघायचा. नवव्या क्लॉकला लाइन वरच राहिली, तर एलसीडीने ऐकलेलंच नाही.

१०. हळू लाइनला ताकदीचा पुल-अप लावू नका

घड्याळाच्या मॉड्यूलवर एसक्यू नावाची एक पिन असते, तिच्यातून सेकंदाला एक ठोका घेता येतो. तीही ओपन-ड्रेनच. पण हिला शिफ्टर नको आणि ४.७ के ही नकोत. रेझिस्टर ३.३ ला बांधला की ५ व्होल्टच्या चिपचा ठोका आपोआप ३.३ चा होऊन पायला मिळतो. सेकंदाला एकदा वर यायचंय. वर यायला मायक्रोसेकंद लागले काय आणि दहा मायक्रोसेकंद लागले काय. १० के लावा, किंवा वायर बोटभर असेल तर पायच्या आतला ५० के चा पुल-अपही चालतो, जो आय-टू-सीला कधीच पुरला नसता. मात्र ही वायर दरवाज्याकडे, कॉन्टॅक्टरच्या कॉइलशेजारून न्यायची असेल तर आतल्या पुल-अपवर विसंबू नका. एवढ्या मोठ्या रेझिस्टरवर कॉइल सुटतानाचा झटका सहज खोटा ठोका बनतो, आणि मग दिवसाला काही सेकंद पुढे जाणारं घड्याळ दुरुस्तीला येतं, ज्यातलं घड्याळ अगदी बरोबर असतं.